आधी आठवण, मग मागणी : घरभाड्याच्या संदेशमालेचा आढावा

घरभाडे मागण्याची रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुरती बदलली. मुंबईच्या चाळीत मालकाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात यायचा. त्याचे येणे हीच आठवण असायची. आज पुण्यातल्या फ्लॅटचा मालक नाशिकला किंवा न्यू जर्सीत असतो, भाडेकरू हिंजवडीतून रात्री घरी येतो आणि दोघांची भेट करारावर अंगठ्याचा ठसा देण्यापुरती होते. मधले सगळे मोबाइलच्या पडद्यावर चालते. त्यामुळे पूर्वी जे काम चेहऱ्याने, आवाजाने आणि उंबरठ्यावरच्या दोन मिनिटांनी व्हायचे, ते आता तीन-चार ओळींच्या संदेशाला करावे लागते.

त्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच साचा दिसतो. देय तारखेच्या आधी एक-दोन मवाळ संदेश, तारखेला एक आणि ती उलटल्यावर चढत्या कडकपणाचे दोन-तीन. साचा वाईट नाही. मात्र कोणता संदेश कधी जावा, त्यात काय असावे आणि कडक म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच होतो. तयार मजकूर उचलून चिकटवले जातात. परिणामी मवाळ संदेश कोणी वाचत नाही आणि कडक संदेशातून भांडण सुरू होते. महाराष्ट्रातल्या, विशेषतः लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेल्या घरांच्या संदर्भात या संपूर्ण साखळीचा हा आढावा.

आठवणीने खरेच फरक पडतो का?

घरभाड्यावर नेमके असे प्रयोग फारसे सापडत नाहीत, पण छोट्या कर्जांच्या हप्त्यांवर चांगले काम झाले आहे. हप्ता आणि भाडे यांत एक मोठे साम्य आहे : दोन्ही दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेत द्यायचे असतात.

युगांडातल्या एका सूक्ष्मवित्त संस्थेत झिमेना काडेना आणि अँटोनेट शोअर या दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. कर्जदारांच्या एका गटाला वेळेवर फेड केल्यास रोख बक्षीस, दुसऱ्याला पुढच्या कर्जावर व्याजात 25 टक्के सूट आणि तिसऱ्याला हप्त्याच्या तारखेआधी फक्त एक एसएमएस, अशी विभागणी होती. तिन्ही गटांत वेळेवर पैसे भरण्याची शक्यता जवळपास सारखीच, 7 ते 9 टक्क्यांनी वाढली. उशीर महिन्याला सरासरी दोन दिवसांनी घटला. म्हणजे व्याजात मोठी सूट देऊन जे साधले, तेच तारखेआधीच्या फुकट संदेशाने साधले. तरुण कर्जदारांवर त्याचा परिणाम अधिक होता.

दुसरा प्रयोग फिलिपिन्समधला. डीन कार्लन, मेलनी मॉर्टन आणि जोनाथन झिनमन यांनी दोन संस्थांच्या कर्जदारांना वेगवेगळ्या शब्दांतले संदेश पाठवले. काहींत वेळेवर भरल्याचा फायदा सांगितला, काहींत न भरल्याचा तोटा. पाठवण्याचे दिवसही बदलून पाहिले. या कशानेही ठाम फरक पडला नाही. फरक पडला तो एकाच गोष्टीने : संदेशात कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असेल तर. तोही अधिकाऱ्याला आधीपासून ओळखणाऱ्या कर्जदारांमध्ये. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांवर नावाचा परिणाम झाला नाही.

घरमालकाने या दोन प्रयोगांतून दोन गोष्टी घ्याव्यात. आधीची आठवण विसरणाऱ्याला उपयोगी पडते, म्हणून ती पाठवावी. आणि शब्दांच्या करामतीपेक्षा संदेश कोणाकडून आला आहे हे महत्त्वाचे. “प्रिय भाडेकरू” अशी सुरुवात आणि शेवटी “व्यवस्थापन” अशी सही असलेला संदेश यंत्राने पाठवल्यासारखा वाटतो. ज्या जोशीकाकूंनी चावी हातात दिली, त्यांच्या नावाने आलेल्या संदेशाला उत्तर मिळते.

शब्दांआधी तारीख

मालेची आखणी करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जात नाही : देय तारीख योग्य आहे का?

करारात सर्रास 5 तारीख लिहिली जाते. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत पगार महिनाअखेरीस किंवा 1 तारखेला होतो, तिथे ती बरोबर बसते. कारखान्यांचे वेळापत्रक वेगळे. 1936 च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी 7 आणि त्याहून मोठ्या ठिकाणी 10 तारखेपर्यंत पगार देण्याची मुदत घालून दिली होती. अनेक कारखान्यांचा पगाराचा दिवस त्याच सवयीने ठरला आहे. चाकण किंवा भोसरीतल्या अशा कामगाराला 5 तारखेचे भाडे दर महिन्याला उशिरा जाणार, कारण तेव्हा खात्यात पैसेच नसतात. त्याला 2 तारखेला मवाळ आणि 7 तारखेला कडक संदेश पाठवणे म्हणजे दर महिन्याला ठरवून अपमान करणे आहे.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गेल्या सहा महिन्यांत पैसे कोणत्या तारखेला आले ते खात्याच्या उताऱ्यात पाहावे. तारखा 8, 9, 8, 8 अशा एकाच जागी साचल्या असतील, तर अडचण पगाराच्या दिवसाची आहे आणि नूतनीकरणाच्या वेळी देय तारीख 10 केली की निम्मे संदेश आपोआप गळतात. तारखा 4, 13, 6, 21 अशा विखुरलेल्या असतील, तर विसर तरी आहे किंवा पैशांची ओढाताण. संदेशमाला या दुसऱ्या प्रकारासाठी असते.

आधीचा संदेश : एकच, तोही कोरडा

उदाहरणासाठी एक फ्लॅट धरू. कोथरूडमधला, भाडे 22,000 रुपये, अनामत 66,000. देय तारीख 5. करारात असे लिहिले आहे की 10 तारखेपर्यंत कसलाही आकार नाही, 11 पासून बाकी फिटेपर्यंत रोज 100 रुपये. महिना नोव्हेंबरचा.

पहिला संदेश 2 तारखेला, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जातो :

“नमस्कार. नोव्हेंबरचे भाडे 22,000 रुपये, देय तारीख 5. नेहमीच्या खात्यात पाठवावे, मिळताच पावती पाठवते. — जोशी, कोथरूड”

यात चार गोष्टी आहेत : महिना, रक्कम, तारीख आणि कुठे पाठवायचे. पाचवी, पावती, ही देवाणघेवाणीतली मालकाची बाजू आहे. घरभाड्यावर करसवलत घेणाऱ्या नोकरदाराला पावती लागतेच. भाडेकरूला पावती देणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 26 नुसार मालकाचे कर्तव्यही आहे. आठवणीच्या संदेशात पावतीचा उल्लेख आला की मागणी एकतर्फी राहत नाही.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात. पहिली, माफीची. “त्रास देतोय, क्षमस्व, पण जमलं तर…” अशी सुरुवात केली की देणे ऐच्छिक वाटू लागते. ठरलेले भाडे ठरलेल्या तारखेला मागण्यात माफी मागण्यासारखे काही नाही. दुसरी, धमकीची घाई. तारीख उलटण्याआधीच विलंब आकाराचा उल्लेख आला, तर वर्षानुवर्षे वेळेवर भरणाऱ्या माणसाला तो झोंबतो. तिसरी, “आधीच भरले असल्यास दुर्लक्ष करावे” हे वाक्य. मोठ्या कंपन्यांना ते लागते, कारण लाखो खाती एकाच वेळी तपासून संदेश पाठवणे त्यांना कठीण जाते. एक-दोन फ्लॅटच्या मालकाने संदेश पाठवण्यापूर्वी खाते पाहावे. पैसे आले असतील तर आठवणीच्या जागी पावती जावी.

एकाहून जास्त भाडेकरू असतील, उदाहरणार्थ खोल्या किंवा कॉट भाड्याने देणाऱ्यांकडे, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीचा मोह होतो. त्यात एक अडचण आहे : ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट संदेश पोचतच नाही. सगळ्यांचा एक गट करून त्यात थकबाकीदारांची यादी टाकणे त्याहून वाईट. एकाची बाकी इतरांना सांगण्याचा मालकाला काही अधिकार नाही, आणि जो चारचौघांत उघडा पडला तो पुढे संदेशांना उत्तर देणे बंद करतो.

भाडेकरू साधा फोन वापरत असेल तर एसएमएस. तिथे मराठीला एक तांत्रिक मर्यादा आहे. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये 160 चिन्हे बसतात, देवनागरीत 70. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातले हलंत चिन्ह ही सगळी वेगळी मोजली जातात. मजकूर 70 च्या वर गेला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. “5 तारखेला भाडे 22,000 रु. देय आहे. नेहमीच्या खात्यात पाठवावे.” हा संदेश एका एसएमएसमध्ये बसतो. लांबलचक अभिवादन बसत नाही, आणि त्याची गरजही नाही.

देय दिवशी, 5 तारखेला, आणखी एक संदेश पाठवावा का? नवा भाडेकरू असेल तर पहिले दोन-तीन महिने हरकत नाही. जुन्याला 2 आणि 5 असे दोन्ही संदेश गेले तर त्याला सवय लागते की पहिल्याकडे लक्ष दिले नाही तरी चालते. एक आठवण पुरे.

तारीख उलटल्यावर : आधी चौकशी

6 तारखेची सकाळ उजाडली आणि खाते कोरे आहे. बरेच मालक इथेच चढ्या आवाजाचा संदेश पाठवतात. त्यात घाई होते, कारण या क्षणी पैसे का आले नाहीत हे माहीत नसते. बँकेत व्यवहार अडकलेला असू शकतो, चुकीच्या खात्यात गेलेला असू शकतो, भाडेकरू आजारी असू शकतो. म्हणून एक दिवस सोडून, 7 तारखेला, दुसरा संदेश जातो आणि त्याचे काम एकच, माहिती मिळवणे :

“नमस्कार. नोव्हेंबरचे भाडे 22,000 रुपये अजून खात्यात दिसले नाही. पाठवले असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा. राहिले असल्यास कोणत्या तारखेला पाठवाल ते सांगावे. — जोशी”

“पाठवले” या उत्तराने काहीच कळत नाही, म्हणून व्यवहार क्रमांक मागायचा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी क्रमांक असतो आणि त्यावरून बँकेत शोध घेता येतो. तारीख विचारण्याचे कारण वेगळे. भाडेकरूने स्वतः दिलेली तारीख त्याला जितकी बंधनकारक वाटते, तितकी मालकाने लादलेली वाटत नाही. शिवाय पुढचा संदेश त्याच तारखेवर उभा राहतो.

इथे थांबून एक वेगळा प्रसंग पाहायला हवा, कारण त्यात कडक संदेश पाठवणारा मालकच चुकीचा ठरतो. भाडे महिन्याला 50,000 रुपयांहून जास्त असेल, तर भाडेकरूला, तो साधा नोकरदार असला तरी, भाड्यातून उद्गम कर कापून सरकारकडे भरावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून हा दर 2 टक्के आहे. हा कर वर्षातून एकदा, मार्चच्या किंवा घर सोडतानाच्या शेवटच्या भाड्यातून कापला जातो. भाडे 60,000 असेल तर वर्षाचे 7,20,000 आणि त्यावर 14,400 रुपये कर. मार्चमध्ये हाती येतात 45,600. ही तूट बाकी नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो मालक वेळेवर भरणाऱ्या माणसाला थकबाकीदार ठरवून मोकळा होतो.

अर्धे पैसे आले तर

कोथरूडच्या फ्लॅटकडे परत येऊ. 9 तारखेला 12,000 रुपये जमा होतात. सोबत निरोप : “काकू, बाकीचे 15 ला देतो, या महिन्यात गावी पैसे पाठवावे लागले.”

सगळी माला बिघडते ती बहुधा इथे. मालक “ठीक आहे” एवढे लिहून गप्प बसतो. पुढच्या महिन्यात 22,000 येतात, तेव्हा ते डिसेंबरचे धरायचे की आधी नोव्हेंबरची बाकी वळती करायची, यावर दोघांचे हिशेब वेगळे होतात. चार महिन्यांनी बाकी 10,000 की 18,000, यावर वाद.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 59 ते 61 मध्ये याचे नियम आहेत. एकाहून अधिक देणी असताना पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी देतो हे सांगितले, तर ते तसेच धरावे लागते. त्याने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा आपल्या मर्जीने ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर जुन्या देण्यापासून क्रमाने फेड होते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या संदेशाला थेट लागू पडतो, म्हणून पैसे मिळाल्याबरोबर त्याच दिवशी लिहायचे :

“12,000 रुपये आज मिळाले, धन्यवाद. ते नोव्हेंबरच्या भाड्यात धरले आहेत. नोव्हेंबरची बाकी 10,000 रुपये. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती 15 तारखेला येईल असे धरते. 11 तारखेपासूनचा विलंब आकार 15 ला बाकी पूर्ण आल्यास या वेळी घेणार नाही.”

शेवटचे वाक्य मालकाच्या इच्छेवर आहे. सवलत द्यायची असेल तर ती अशी अट घालून, “या वेळी” असे म्हणून द्यावी. महिन्यामागून महिने उशीर मुकाट्याने स्वीकारला गेला की भाडेकरूला म्हणता येते, तारीख व्यवहारात बदललीच होती. हा एक शब्द त्या युक्तिवादाची वाट अडवतो.

कडक म्हणजे काय

15 गेली, 10,000 आले नाहीत. 16 तारखेचा संदेश हा मालेतला पहिला खरा कडक संदेश. त्याच्या कडकपणाबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. मोठ्या अक्षरांतले शब्द, उद्गारचिन्हे, “शेवटची संधी”, “परिणामांना तयार राहा” अशा शब्दांना कडक समजले जाते. हा सगळा राग आहे आणि रागाला उत्तर रागानेच येते. कडकपणा येतो तो आकडा, कलम, मुदत आणि पुढचे पाऊल यांतून :

“नमस्कार. नोव्हेंबरच्या भाड्यापैकी 10,000 रुपये बाकी आहेत. 15 तारखेचा शब्द पाळला गेला नाही. करारातील विलंब आकाराच्या अटीनुसार 11 तारखेपासून रोज 100 रुपये आकार लागतो, आजअखेर 600. 20 तारखेपर्यंत बाकी 10,000 आणि आकार 1,000, एकूण 11,000 रुपये जमा करावेत. तसे न झाल्यास 21 तारखेला करारातील पत्त्यावर लेखी मागणीपत्र पाठवण्यात येईल. काही अडचण असल्यास आज संध्याकाळी फोन करावा. — जोशी”

मराठी क्रियापदाने इथे बरेच काम केले आहे. 7 तारखेच्या संदेशात “पाठवाल ते सांगावे” अशी विचारणा होती, 16 च्या संदेशात “जमा करावेत” अशी मागणी आहे. “तुम्ही” मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. कित्येक मालक रागात “तू” वर येतात, विशेषतः भाडेकरू वयाने लहान असेल तर. त्या एका बदलाने पैशांचा विषय बाजूला पडून मानापमानाचा सुरू होतो. भाडेकरू मराठी नसेल, तर कडक संदेश त्याला नीट कळणाऱ्या भाषेत द्यावा. अर्धवट कळलेल्या कडक मजकुराचा अर्थ माणूस नेहमी वाईटच लावतो.

पुढचे पाऊल लिहिताना पथ्य असे की जे खरोखर करणार आहात आणि जे कायद्याने करता येते, तेवढेच लिहावे. पाणी-वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे यांची भाषा वापरू नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नुसार भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडणे हा गुन्हा आहे. धमकीचा संदेश हा तर भाडेकरूच्या हातात दिलेला लेखी पुरावा ठरतो; भारतीय न्याय संहितेत गुन्हेगारी धमकीसाठी कलम 351 आहे. वेळेचेही भान हवे. रिझर्व्ह बँकेने कर्जवसुली करणाऱ्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास मनाई केली आहे. हा नियम घरमालकाला बंधनकारक नाही, तरी मोजमाप म्हणून चांगला आहे.

विलंब आकाराबद्दल एक गोष्ट मालकांना आवडणार नाही. बाकी 10,000 वर रोज 100 म्हणजे दिवसाला 1 टक्का, वर्षाला 365. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 मध्ये भाडेकरूने न्यायालयात थकबाकी भरताना द्यायचे व्याज वर्षाला सरळ 15 टक्के आहे. त्या दराने 10,000 वर 10 दिवसांचे होतात साधारण 41 रुपये. करार कायद्याचे कलम 74 सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच देते. म्हणून हा आकार शिस्तीसाठी ठेवावा, पण वसुलीची खरी बाजू मूळ भाड्यावर उभी करावी. संदेशात बाकी आणि आकार हे दोन आकडे वेगळे दाखवायचे ते यासाठी. एकत्र केले आणि पुढे आकारावर वाद झाला, तर मूळ रकमेचाही घोळ होतो.

संदेश जिथे संपतो

21 तारखेचे पत्र या मालेचा भाग असले तरी त्याची जात वेगळी. आठवणीचा संदेश माणसासाठी असतो; पत्र उद्या न्यायालयात दाखवण्यासाठीही असते. दोन्ही एकाच मजकुरात उरकण्याच्या प्रयत्नात मवाळ संदेशांत वकिली भाषा शिरते आणि खरी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाते.

दुसरी चूक महागात पडते. रीतसर भाडेकरू म्हणून, म्हणजे लायसन्सवर न राहता भाडेपट्ट्याने राहणाऱ्याविरुद्ध थकबाकीपोटी दावा लावायचा, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावे लागते. ही नोटीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 मध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच द्यायची असते : टपालाने, हाती, घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे, आणि तेही शक्य नसेल तर जागेवर ठळकपणे लावून. त्या यादीत मोबाइल नाही. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली आणि निळ्या खुणांनी उघडल्याचे दिसणारी नोटीस पोचल्याचे मानले, याचा दाखला वारंवार दिला जातो; पण ते न्यायालयीन निकालाच्या अंमलबजावणीतले प्रकरण होते. त्यावर विसंबून 90 दिवस मोजायला लागणे धोक्याचे आहे. पत्र स्पीड पोस्टाने, पोच घेऊनच पाठवावे. नोंदणीकृत टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्याने आता हीच वाट आहे.

लिव्ह अँड लायसन्समध्ये वाट वेगळी. बहुतेक करारांत ठरावीक महिने भाडे थकल्यास करार संपवण्याची अट असते आणि नोटीस त्या अटीप्रमाणे, करारातल्या पत्त्यावर द्यावी लागते. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. या सगळ्याच्या मुळाशी नोंदणी आहे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ज्या मालकाने नोंदणी टाळली, त्याच्या सर्वांत कडक संदेशातली “करारातील अटीनुसार” ही ओळ पोकळ असते.

संदेशांची पुरावा म्हणून किंमत आहेच. भाडेकरूचे “15 ला देतो” हे उत्तर बाकी मान्य केल्याचे दाखवते. त्यासाठी मूळ संभाषण फोनमध्ये जपावे, आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय बंद ठेवावी, आणि बोलणे करारात लिहिलेल्या नंबरवरच करावे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. थकलेल्या भाड्याच्या वसुलीसाठी मुदत कायद्यात तीन वर्षे आहेत. नुसते आठवणीचे संदेश पाठवत राहिल्याने हा काळ थांबत नाही.

उलट्या बाजूची आठवण

मुंबईतल्या पागडीच्या जुन्या घरांत चित्र उलटे असते. इमारतीचा पुनर्विकास डोळ्यांपुढे असलेला मालक भाडे घ्यायचे टाळतो, म्हणजे पुढे थकबाकीचा आरोप करता येतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 नुसार भाडेकरू भाडे देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर त्याला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. म्हणून तिथले भाडेकरू दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत आणि नाकारलेल्या मनीऑर्डरचे कागद जपून ठेवत आले आहेत. “भाडे देऊ केले, स्वीकारले नाही” असा तारखेसह संदेश भाडेकरूनेही पाठवावा. आठवणींची माला ही फक्त मालकाची सोय नाही.

नोकरी सुटल्याने किंवा दवाखान्याच्या खर्चाने भाडे थकलेल्या माणसावर कोणत्याही मालेचा परिणाम होत नाही. त्याला आठवण आहे, पैसे नाहीत. ओळखण्याची खूण अशी की असा माणूस पहिल्या चौकशीला उत्तर देतो, तारीख देतो आणि ती पुन्हा पुन्हा मोडते. तिथे पाचवा संदेश न पाठवता प्रत्यक्ष भेटून हप्ते ठरवावेत, किंवा अनामतीतून किती महिने निभावतील हे मोजून घर सोडण्याची तारीख ठरवावी. कोथरूडच्या उदाहरणात 66,000 म्हणजे तीन महिने; दुरुस्ती आणि विजेच्या बिलासाठी एका महिन्याची रक्कम राखली, तर हातात दोनच उरतात. अनामत पुरी संपेपर्यंत संदेशच पाठवत राहणाऱ्या मालकाकडे शेवटी घरही नसते आणि पैसेही.

तेव्हा माला छोटी ठेवावी : 2 तारखेला आठवण, 7 ला चौकशी, पैसे येतील त्या दिवशी हिशेब आणि पावती, 16 ला आकड्यांसह मागणी, 21 ला टपालाने पत्र. हे वेळापत्रक करारावर सही होण्यापूर्वीच भाडेकरूला दाखवावे. कोणता संदेश कधी येणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाला 16 तारखेचा कडक मजकूर वैयक्तिक हल्ला वाटत नाही. आणि मालकाने स्वतःपुरता एक नियम पाळावा : पैसे वेळेवर आले त्या महिन्यात पावती त्याच दिवशी गेली पाहिजे.